अठरा लाखांच्या नफ्यातून मालकाला उरतं किती?

सुरतच्या डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत. बहुतेकांची मुळं जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. आधीची पिढी मागावर कामाला आली, त्यातल्या काहींनी पुढे भागीदारीत किंवा एकट्याने स्वतःचे माग टाकले, आणि आता त्यांची मुलं वाणिज्य शाखेत शिकतात किंवा सीए, सीएमएच्या क्लासला जातात. अशा घरात एकच प्रश्न दोन ठिकाणी भेटतो. मुलाच्या पेपरात तो ‘इकॉनॉमिक व्हॅल्यू ॲडेड काढा’ अशा रूपात येतो आणि वडिलांच्या खात्यावर ‘ताळेबंदात नफा दिसतोय, मग हातात का काही लागत नाही?’ अशा रूपात.

दोन्हींचं उत्तर एकाच बेरीज-वजाबाकीत आहे. ती पाहण्यासाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. उधना परिसरात चोवीस वॉटरजेट मशीन, पॉलिस्टर यार्न विकत घ्यायचं, ग्रे कापड विणायचं आणि रिंग रोडच्या मार्केटमधल्या व्यापाऱ्यांना विकायचं. मालक डिंडोलीत राहणारं मराठी कुटुंब. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे असं धरू, म्हणजे कराचा हिशोब सोपा जाईल. कर सोयीसाठी २५ टक्के.

वर्षाची विक्री २ कोटी ४० लाख. यार्न, वीज, मजुरी, दलाली, घसारा वगैरे सगळे खर्च जाऊन, पण बँकेचं व्याज आणि कर देण्यापूर्वी ३४ लाख उरतात. बँकेचं कर्ज १ कोटी, व्याज १० टक्क्यांनी १० लाख. उरले २४ लाख. त्यावर ६ लाख कर. निव्वळ नफा १८ लाख. सीए सही करतो, पेढे वाटायला हरकत नाही.

आता ताळेबंदाची दुसरी बाजू बघा. मशीन घसारा वजा जाता ९० लाखांची, जागा आणि शेड पुस्तकी किमतीने ७० लाख, यार्न आणि ग्रेचा साठा ३० लाख, बाजारातली उधारी ६० लाख, रोख आणि बँकशिल्लक १० लाख. एकूण २ कोटी ६० लाख. हा पैसा आला कुठून? मालकांचं भागभांडवल आणि राखीव मिळून १ कोटी २० लाख, बँकेचे १ कोटी, आणि यार्नवाल्यांचं देणं व इतर थकीत खर्च ४० लाख.

नफा-तोट्याच्या पत्रकात या तिघांपैकी दोघांचा मोबदला आधीच धरलेला आहे. बँकेला व्याज मिळालं. यार्नवाला उधार देतो तेव्हा त्याच्या भावातच उधारीची किंमत घातलेली असते, म्हणून तोही मिळाला. राहिला मालक. त्याचे १ कोटी २० लाख वर्षभर धंद्यात अडकून होते, पण त्यांच्या वापराबद्दल पत्रकात एक रुपयाचाही खर्च नाही. लेखापद्धती मालकाचा पैसा फुकट धरते. आर्थिक मूल्यवर्धन, म्हणजे ईव्हीए, ही एकच गाळलेली ओळ भरून काढतं. या मापात आणि हिशोबी नफ्यात मुळात फरक एवढाच. बाकीचे सगळे फरक याच्यातून निघतात.

मालकाच्या पैशाचा दर किती धरायचा? बँकेतल्या ठेवीवर समजा ७ टक्के मिळतात. बँक याच धंद्याला तारण घेऊन १० टक्क्यांनी कर्ज देते. मालकाकडे तारण नाही, त्याचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो, आणि मंदी आली की पहिला फटका त्यालाच. म्हणून त्याचा दर कर्जाच्या दराहून जास्त असायलाच हवा. इथे १५ टक्के धरू. १ कोटी २० लाखांवर १५ टक्के म्हणजे १८ लाख.

निव्वळ नफाही १८ लाखच. म्हणजे ईव्हीए शून्य.

शून्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. कंपनी तोट्यात नाही. बँकेला, सरकारला, कामगारांना, यार्नवाल्याला आणि मालकाच्या पैशालाही आपापली किंमत पूर्ण मिळाली. त्यापलीकडे काही उरलं नाही, इतकंच. तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या धंद्यात मालकाने पैसा घातला असता तरी एवढंच मिळालं असतं.

परीक्षेतला प्रश्न हाच हिशोब जरा वेगळ्या वाटेने मागतो. तिथे आधी करोत्तर कार्यचालन नफा काढतात, ज्याला वर्गात सगळे ‘नोपॅट’ म्हणतात. व्याज वजा करण्याआधीच्या ३४ लाखांवर २५ टक्के कर धरायचा, म्हणजे साडेआठ लाख, आणि उरतात साडेपंचवीस लाख. मग भांडवलाचा भारित सरासरी दर, म्हणजे ‘वॅक’. मालकाचे १२० लाख १५ टक्क्यांनी, बँकेचे १०० लाख १० टक्क्यांनी, पण व्याजावर कर वाचतो म्हणून करानंतर साडेसात टक्क्यांनी. सरासरी ११.५९ टक्के. गुंतवलेलं भांडवल २२० लाख. त्यावर ११.५९ टक्के म्हणजे साडेपंचवीस लाख. नोपॅट साडेपंचवीस, भांडवलाचा आकारही साडेपंचवीस, उत्तर पुन्हा शून्य.

सूत्राने लिहायचं तर असं:

ईव्हीए = नोपॅट − (गुंतवलेलं भांडवल × वॅक)

दोन वाटांनी एकच उत्तर येतं हे विद्यार्थ्याच्या फायद्याचं आहे. लांबच्या वाटेने काढलेलं उत्तर ‘निव्वळ नफा वजा मालकाच्या भांडवलाचा आकार’ या जवळच्या वाटेने अर्ध्या मिनिटात तपासता येतं. फक्त दोन्हीकडे दर आणि रकमा त्याच हव्यात. प्रश्नात वॅकचं वजन बाजारमूल्यावर दिलं असेल आणि भांडवल पुस्तकी किमतीचं असेल तर दोन उत्तरं जुळणार नाहीत, आणि तिथे प्रश्नात दिलेला वॅकच वापरायचा.

ही कल्पना नवी नाही. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की मालकाने घातलेल्या भांडवलाचं चालू दराने व्याज वजा केल्यावर जे उरेल, तीच त्याच्या व्यवस्थापनाची कमाई. पुढे तिला ‘शेष उत्पन्न’ असं नाव मिळालं आणि ती व्यवस्थापकीय लेखांकनाच्या पुस्तकांत जाऊन बसली. अमेरिकेतल्या स्टर्न स्टुअर्ट या सल्लागार संस्थेने तिच्यात लेखापद्धतीच्या दुरुस्त्या घातल्या, ‘ईव्हीए’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं आणि १९९० च्या दशकात ते जगभर विकलं. विकलं हा शब्द खरा आहे. जुनी गोष्ट, नवं वेष्टन आणि सल्ल्याची फी. तरी त्या वेष्टनामुळेच मोठ्या कंपन्यांचे संचालक भांडवलाच्या किमतीकडे बघायला लागले, हेही मान्य करायला हवं.

भारतात त्याचं एक ठळक उदाहरण इन्फोसिस. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि नंतर बंगळुरूला गेलेली ही कंपनी अनेक वर्षं आपल्या वार्षिक अहवालात ईव्हीएचं स्वतंत्र पत्रक देत असे. कंपनीवर कर्ज नव्हतं. म्हणजे नफा-तोटा पत्रकात भांडवलाच्या किमतीची ओळच नव्हती, सगळं भांडवल लेखापद्धतीच्या लेखी फुकट. कर्ज नसेल तर भारित सरासरीची भानगडही उरत नाही. मालकाचा दर हाच भांडवलाचा दर. जुन्या अहवालातलं ते एक पान विद्यार्थ्याने ओळीओळीने वाचलं तर सूत्र पाठ करायची गरज राहणार नाही.

आता चुकांकडे. या प्रश्नात गुण जातात ते ठरावीक जागी, आणि गंमत अशी की प्रत्येक चूक उत्तरावर स्वतःचा ठसा सोडते. आपल्या कंपनीचं खरं उत्तर शून्य असल्याने तो ठसा अगदी स्वच्छ दिसतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे निव्वळ नफ्यातून पूर्ण भांडवलाचा आकार वजा करणं. अठरा लाखांतून साडेपंचवीस गेले, उत्तर उणे साडेसात लाख. हे साडेसात लाख म्हणजे काय? १० लाख व्याजाची कर वाचल्यानंतरची रक्कम. निव्वळ नफा काढताना व्याज एकदा गेलं होतं, वॅकमधून ते पुन्हा गेलं. उत्तरातला फरक बरोबर करोत्तर व्याजाइतका आला तर समजायचं की व्याज दोनदा कापलं गेलं. उपाय दोन. निव्वळ नफ्यात करोत्तर व्याज परत मिळवून नोपॅट करायचा, नाहीतर आकार फक्त मालकाच्या भांडवलावर लावायचा.

दुसरी चूक कराची. विद्यार्थी ३४ लाखांतून नफा-तोटा पत्रकातला ६ लाखांचा कर तसाच वजा करतो. नोपॅट येतो २८ लाख आणि ईव्हीए अडीच लाख अधिक. हे अडीच लाख म्हणजे १० लाख व्याजावर वाचलेला २५ टक्के कर. कर्जाचा दर १० वरून साडेसातवर आणला तेव्हा ती बचत एकदा मोजली होती, इथे ती दुसऱ्यांदा मोजली. नोपॅट म्हणजे ‘कर्जच नसतं तर किती नफा झाला असता’ हे लक्षात ठेवलं की कर साडेआठच का धरायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी, भांडवल म्हणून ताळेबंदाची पूर्ण बेरीज घेणं. २६० लाखांवर ११.५९ टक्के लावले की आकार ३० लाखांच्या वर जातो आणि ईव्हीए उणे ४ लाख ६४ हजारांच्या आसपास येतो. ज्या ४० लाखांवर व्याज लागत नाही, ती यार्नवाल्यांची आणि थकीत खर्चांची देणी वजा करायची राहून गेली. पण इथे डोळे झाकून ‘चालू देणी वजा’ असंही करू नये. बँकेचं कॅश क्रेडिट ताळेबंदात चालू देण्यांतच दाखवतात, आणि त्यावर व्याज लागतं. ते भांडवलातच राहिलं पाहिजे. आपल्या कंपनीच्या १ कोटीच्या कर्जात ४० लाख कॅश क्रेडिट असेल तर ‘सगळी चालू देणी वजा’ करणारा विद्यार्थी भांडवल २२० ऐवजी १८० धरेल आणि शून्याच्या जागी चांगला साडेचार लाखांहून जास्त अधिक ईव्हीए दाखवेल.

भांडवल वर्षाच्या सुरुवातीचं घ्यायचं, शेवटचं की सरासरी, यावर पुस्तकांत एकमत नाही. प्रश्नात सांगितलं असेल तसं करावं. सांगितलं नसेल आणि दोन्ही ताळेबंद दिले असतील तर सुरुवातीचं किंवा सरासरी घेऊन गृहीतक एका ओळीत लिहावं. परीक्षक गृहीतकासाठी गुण कापत नाही, न लिहिण्यासाठी कापतो.

दुरुस्त्यांचा भाग पुस्तकात भीतीदायक दिसतो. स्टर्न स्टुअर्टच्या यादीत दीडशेहून जास्त दुरुस्त्या होत्या. प्रत्यक्षात कंपन्या मोजक्याच करतात आणि प्रश्नात तीन-चारच विचारल्या जातात. त्यांच्यामागचा विचार एकच: ज्या खर्चाचा फायदा पुढची काही वर्षं मिळणार आहे, तो एका वर्षात संपवू नये. आपल्या कंपनीने नव्या प्रकारच्या कापडाच्या चाचण्यांवर ३ लाख खर्च केले आणि ते याच वर्षाच्या खर्चात टाकले असं समजा. त्याचा उपयोग तीन वर्षं होणार असेल तर ३ लाख नफ्यात परत घ्यायचे, या वर्षाचा वाटा म्हणून १ लाख वजा करायचा, आणि उरलेले २ लाख भांडवलात मिळवायचे. नफा वाढला म्हणून भांडवलही वाढलं, ही जोडी विद्यार्थी अनेकदा अर्धीच करतो. नफ्यात रक्कम मिळवतो आणि भांडवलात मिळवायला विसरतो. संशयित उधारीची तरतूद परत मिळवताना, जाहिरात खर्च पसरताना, सगळीकडे हीच जोडी.

वर्गातून खात्यावर आलं की हिशोब आणखी रंगतो, कारण इथे प्रश्नपत्रिका आकडे देत नाही.

मालकाचा १५ टक्के दर हा अंदाज आहे. तो १३ धरला तर ईव्हीए २ लाख ४० हजार अधिक, १७ धरला तर तेवढाच उणे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीसाठी सरकारी रोख्यांचा दर, बाजाराचा जादा परतावा आणि बीटा घेऊन हा दर काढता येतो. डिंडोलीतल्या कुटुंबाच्या कंपनीला बीटा नसतो. म्हणून एकाच आकड्यावर भांडण्यापेक्षा दोन-तीन दर घेऊन बघावं. तिन्ही दरांना ईव्हीए उणे येत असेल तर वाद संपला. एका दराला अधिक, दुसऱ्याला उणे येत असेल तर धंदा काठावर आहे, आणि ही माहितीही कमी नाही. मात्र एकदा ठरवलेला दर दरवर्षी बदलू नये, नाहीतर दोन वर्षांची तुलनाच होत नाही.

लहान घरगुती कंपनीत त्याहून मोठी गफलत घरच्यांच्या श्रमाची असते. वडील सकाळी सातला खात्यावर जातात, मुलगा मार्केटची वसुली बघतो, आणि दोघांपैकी कुणी पगार घेत नाही. त्यांच्या जागी मॅनेजर ठेवला तर महिन्याला ४० हजार द्यावे लागतील असं धरा. वर्षाचे ४ लाख ८० हजार, कर वाचून ३ लाख ६० हजार. आपल्या शून्य ईव्हीएचं उणे ३ लाख ६० हजार झालं. आता खरं चित्र दिसतं: भांडवलाला पूर्ण किंमत मिळत नाहीये, घरचे लोक स्वतःच्या कष्टातून ती भरून काढताहेत. उलट प्रकारही असतो. कर वाचवायला घरातल्या चौघांच्या नावे पगार काढलेले असतात आणि नफा मुद्दाम बारीक दाखवलेला असतो. तिथे बाजारभावापेक्षा जास्त दिलेला पगार परत मिळवावा लागतो.

जागेचंही तसंच. डिंडोली एके काळचं गाव. आज ते महापालिकेच्या हद्दीत आहे आणि भोवती सोसायट्या उठल्या आहेत. अशा भागात ज्याने पंधरा-वीस वर्षांपूर्वी जागा घेतली त्याच्या ताळेबंदात ती जुन्याच किमतीला पडून असते. पेपर सोडवताना पुस्तकी किंमतच धरायची. निर्णय घेताना मात्र वेगळा प्रश्न विचारावा: ही शेड दुसऱ्याला भाड्याने दिली तर काय येईल? आपल्या हिशोबात ७० लाखांच्या जागेवर ११.५९ टक्क्यांनी ८ लाख ११ हजारांचा आकार लागला आहे, म्हणजे महिन्याला ६७-६८ हजार. कर जाऊन त्याहून बरंच जास्त भाडं सहज मिळत असेल तर माग चालवून जो नफा दिसतो त्याचा एक भाग खरं तर जागेचा आहे, मागाचा नाही.

दोन मापं वेगवेगळ्या दिशा दाखवतात असा निर्णय सुरतच्या कापड धंद्यात रोजच समोर येतो. तो म्हणजे उधारीचा. आपल्या कंपनीची उधारी ६० लाख, विक्री २४० लाख, म्हणजे पेमेंट यायला सरासरी तीन महिने. मालक व्यापाऱ्यांना सांगतो, दोन महिन्यांत पैसे द्या, एक टक्का वटाव देतो. सगळे तयार झाले असं धरू. विक्रीवर १ टक्का म्हणजे २ लाख ४० हजार गेले, ३४ चे ३१.६ लाख झाले. उधारी ६० वरून ४० लाखांवर आली, २० लाख मोकळे झाले. त्यातले ९ लाख बँकेला परत केले आणि ११ लाख मालकाने लाभांश म्हणून काढून घेतले. कर्ज आणि मालकाचं भांडवल यांचं प्रमाण जवळपास पूर्वीइतकंच राहिलं.

नवा हिशोब असा. व्याज ९ लाख १० हजार. करपूर्व नफा साडेबावीस लाख. कर जाऊन निव्वळ नफा सुमारे १६ लाख ८७ हजार. पूर्वी १८ लाख होता. हिशोबी नफ्याकडे बघणारा म्हणेल, वटाव देऊन १ लाख १३ हजारांचं नुकसान करून घेतलं. आता मालकाचं भांडवल १०९ लाख, १५ टक्क्यांनी आकार १६ लाख ३५ हजार. ईव्हीए सुमारे ५२ हजार अधिक. नफा घटला तरी मूल्य वाढलं, कारण ११ लाख रुपये मोकळे होऊन मालकाच्या हाती आले आणि ते दुसरीकडे १५ टक्के कमावू शकतात.

‘कमावू शकतात’ यातच खरी अट आहे. ते ११ लाख बचत खात्यात झोपले तर ५२ हजार कागदावरच राहतील. शिवाय पूर्ण २० लाख बँकेलाच परत केले आणि मालकाचा दर १५ टक्केच ठेवला, तर ईव्हीए उणे ३० हजार येतो. तिथे विद्यार्थी गोंधळतो. कर्ज कमी झालं की मालकाची जोखीम कमी होते, त्यामुळे त्याचा दरही थोडा खाली आणायला हवा. तो न बदलता फक्त कर्ज बदललं तर चांगला निर्णय वाईट दिसतो. म्हणून अशा प्रश्नात निर्णयाची किंमत मोजताना वॅक स्थिर धरतात आणि पैसा कुठून आला, कुठे गेला हा हिशोब बाजूला ठेवतात. ११.५९ टक्के स्थिर धरून २० लाखांवर वाचलेला आकार २ लाख ३२ हजार, वटावाचा करोत्तर खर्च १ लाख ८० हजार, फायदा ५२ हजार. पैसे बँकेला गेले काय आणि मालकाला गेले काय, उत्तर तेच.

ग्रेच्या साठ्याला हीच मोजणी लावता येते. भाव वाढेल म्हणून कापड धरून ठेवणाऱ्याला महिन्याला जवळजवळ एक टक्का खर्च येतोय हे नफा-तोटा पत्रक फक्त कर्जापुरतं सांगतं, ईव्हीए पूर्ण सांगतं.

या मापाचा दोष मात्र मशीनमध्ये लपलेला आहे, आणि तो न कळता ईव्हीए वापरणं धोक्याचं. समजा वर्षभरात काहीच बदललं नाही, फक्त मशीनचा १२ लाख घसारा झाला, नवी मशीन घेतली नाहीत आणि तो पैसा बाहेर काढला. भांडवल १२ लाखांनी कमी, आकार सुमारे १ लाख ३९ हजारांनी कमी. नफा तेवढाच राहिला तर ईव्हीए आपोआप वाढला. मशीन जुनी होत जातील तसा तो वाढतच जाईल, अगदी ती मोडायला येईपर्यंत. ज्या मॅनेजरचा बोनस ईव्हीएवर ठरतो तो नवी मशीन घ्यायला का टाळाटाळ करतो, त्याचं हे कारण.

नव्या मशीनचं उलट होतं. ३० लाखांची मशीन, आयुष्य सोयीसाठी तीनच वर्षं, दरवर्षी १० लाख घसारा, आणि घसारा व कर जाऊन दरवर्षी ३ लाख नोपॅट. भांडवलाचा दर इथे १२ टक्के धरू. पहिल्या वर्षी ३० लाखांवर आकार ३ लाख ६० हजार, ईव्हीए उणे ६० हजार. दुसऱ्या वर्षी २० लाखांवर २ लाख ४० हजार, ईव्हीए ६० हजार अधिक. तिसऱ्या वर्षी १० लाखांवर १ लाख २० हजार, ईव्हीए १ लाख ८० हजार. पहिल्या वर्षाचा आकडा बघून कुणीही म्हणेल, मशीन घेऊन चूक केली. पण तिन्ही ईव्हीए १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून मिळवले तर १ लाख २२ हजार अधिक येतात. आणि याच मशीनचं निव्वळ वर्तमान मूल्य नेहमीच्या पद्धतीने काढलं, म्हणजे दरवर्षीचे १३ लाख रोख आजच्या किमतीत आणून ३० लाख वजा केले, तरी तेच १ लाख २२ हजार येतात. हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत. पेपरात ते जुळले नाहीत तर बहुधा घसारा परत मिळवायचा राहिलेला असतो किंवा आकार वर्षाच्या सुरुवातीच्या भांडवलाऐवजी शेवटच्या भांडवलावर लावलेला असतो.

मोठ्या कंपन्यांना हा दोष चांगला ठाऊक आहे. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने एस. रामदोराई यांच्या काळात ईव्हीए स्वीकारलं आणि कर्मचाऱ्यांच्या बदलत्या वेतनाशी जोडलं. गोदरेजच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीनेही तसंच केलं. स्टर्न स्टुअर्टने अशा योजनांसाठी सुचवलेला उपाय म्हणजे बोनसची ‘बँक’. वर्षाचा बोनस ईव्हीए किती आहे यापेक्षा तो किती सुधारला यावर ठरतो, त्यातला एक भागच हातात मिळतो, बाकी खात्यात राहतो, आणि पुढच्या वर्षी ईव्हीए घसरला तर त्या खात्यातून वजा होतो. उधन्याच्या शेडमध्ये बोनसची बँक कुणी उघडणार नाही. पण मशीन बदलायची असेल तर पहिल्या वर्षाचा उणे आकडा बाजूला ठेवून मशीनच्या पूर्ण आयुष्याचे ईव्हीए एका कागदावर मांडणं, आणि ते निव्वळ वर्तमान मूल्याशी ताडून बघणं, एवढं कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला एका संध्याकाळी जमतं.